तीस दिवसांचा शब्द

चपलेच्या दुकानात आपण काय करतो? जोड जमिनीवर ठेवायला सांगतो, पाय घालतो, आरशापर्यंत चार पावलं चालतो, अंगठा आत दाबून बघतो आणि मगच भाव विचारतो. ऑनलाइन विकणाऱ्याकडे ही चार पावलं नसतात. त्याच्याकडे फोटो असतो, नंबर असतो आणि समोर पैसे भरायचं बटण असतं. त्या बटणाजवळ येऊन जे गिऱ्हाईक थांबतं, ते बहुतेक वेळा किमतीमुळे थांबत नाही. ‘नाही बसली तर?’ हा प्रश्न त्याला थांबवतो.

माझी भाची पुण्यातून कोल्हापुरी चपला विकते. छोटी वेबसाइट, इन्स्टाग्रामचं पान, व्हॉट्सअ‍ॅपचा एक नंबर आणि घरातली एक खोली, एवढाच तिचा पसारा. माल कोल्हापूरकडच्या दोन कारागिरांकडून येतो. सुरुवातीला तिच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दोष असल्यास 48 तासांत कळवावे.’ रोज व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा यायच्या. ‘ताई, मला बाटाचा सात नंबर लागतो, यातला कुठला घेऊ?’ ‘पाय जरा रुंद आहे, पट्टा लागेल का?’ ती प्रत्येकीला मनापासून उत्तर द्यायची, आणि तरीही बऱ्याच जणी ‘बरं, बघते’ म्हणून जायच्या. आज तीच जागा वेगळी आहे. नंबर निवडायच्या खिडकीला लागूनच ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘घरात घालून बघा. तीस दिवसांत कधीही बदलून घ्या किंवा पूर्ण पैसे परत घ्या. न्यायला माणूस आम्ही पाठवू.’

हा बदल तिने चांगुलपणा म्हणून केलेला नाही. तो तिच्या जाहिरातीचा भाग आहे आणि त्याला खर्च येतो. तो खर्च कुठे येतो आणि कुठे येत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सदोष माल परत घेणं हे औदार्य नाही, तो कायदा आहे. केंद्र सरकारच्या 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार वस्तू सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत दाखवली तशी नसेल किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. परतीच्या अटीही गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगाव्या लागतात. त्यामुळे भाचीची जुनी ओळ उदार तर नव्हतीच, पण ‘48 तासांत’ म्हणताना ती कायद्यालाही धरून नव्हती. ज्याला उदार म्हणावं ते धोरण इथून पुढे सुरू होतं: माल उत्तम आहे, चूक कुणाचीच नाही, फक्त गिऱ्हाइकाला तो बसला नाही किंवा आवडला नाही, तरी परत घेणं. आणि हे तिला ठरवता येतं ते स्वतःच्या वेबसाइटवर. मोठ्या बाजारपेठांच्या संकेतस्थळांवर माल ठेवला की परतीचे नियम त्यांचे चालतात.

‘उदार’ हा शब्द आपण एकाच नळासारखा वापरतो, सोडला तर सगळा सोडायचा. प्रत्यक्षात नळ पाच आहेत. 2016 मध्ये ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’ या संशोधनपत्रिकेत नारायण जानकीरामन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी परतीच्या धोरणांवरच्या अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र फेरतपासणी केली. त्यांनी औदार्याचे पाच भाग पाडले. किती दिवसांची मुदत, पैसे पूर्ण परत की कापून, गिऱ्हाइकाला किती खटपट पडते, कोणकोणता माल परत चालतो, आणि रोख पैसे मिळतात की बदली वस्तू. एकूण निष्कर्ष असा, की धोरण सैल केलं की परती वाढतात, पण खरेदी त्याहून जास्त वाढते. मात्र सगळे नळ सारखे वागत नाहीत. पूर्ण पैसे आणि कमी खटपट यांनी खरेदी वाढते. कोणताही माल, सवलतीतलासुद्धा, परत घ्यायला लागलं की परती वाढतात. आणि मुदत लांबवली की परती चक्क कमी होतात.

हे शेवटचं वाक्य भाचीला पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं. ‘मामा, जास्त दिवस दिले तर जास्त लोक परत करतील ना?’ आपल्याला सगळ्यांनाच तसं वाटतं. पण सात दिवसांची मुदत असलेलं गिऱ्हाईक काय करतं ते बघा. पार्सल उघडतं, थोडी शंका येते, तारीख मोजतं, आणि मुदत निघून जाऊ नये म्हणून घाईने परतीचं बटण दाबून टाकतं. तीस दिवस असले की तो निर्णय उद्यावर जातो. डबा उघडाच राहतो, चपला घरात वावरतात, हळूहळू आपल्या वाटू लागतात.

कोल्हापुरीच्या बाबतीत तर याला आणखी एक कारण आहे, आणि ते चामड्यात आहे. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. नवा जोड घट्ट आणि ताठ असतो. तळ लाकडासारखा लागतो, पट्टा पायाच्या वरच्या भागाला रुततो, अंगठ्याच्या मुळाशी टोचतं. चार-आठ दिवस घरात वापरला, पट्ट्याला आणि कानांना, म्हणजे पट्टा ज्या बाजूच्या पाळ्यांना जोडलेला असतो त्यांना, तेलाचा हात फिरवला, की चामडं पायाचा आकार घेतं. जो जोड दुसऱ्या दिवशी ‘लहान होतो’ म्हणून परत गेला असता, तोच दहाव्या दिवशी नेमका बसतो. म्हणजे सात दिवसांची मुदत देणारा विक्रेता चपलेला तिचं काम करायला वेळच देत नव्हता. भाचीच्या डब्यात आता एक चिठ्ठी असते: ‘पहिले चार दिवस घट्ट वाटेल. घरात रोज अर्धा तास घाला. घाई नाही, तीस दिवस आहेत.’ तिच्या मते, सगळ्या धोरणात सगळ्यात स्वस्त पडलेली गोष्ट ही चिठ्ठी आहे.

चपला करकरतात म्हणूनही काही जोड परत यायचे. कोल्हापुरी माणूस ज्या आवाजासाठी जास्त पैसे मोजतो, तो बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला दोष वाटायचा. आता ज्या जोडाला करकर आहे त्याच्या फोटोखाली ते लिहिलेलं असतं आणि शेजारी आवाजाची छोटी चित्रफीत असते. ज्यांना नको ते घेत नाहीत, आणि ज्यांना हवी ते नेमकी तीच मागतात.

आता पैशाकडे येऊ, कारण छोटा विक्रेता इथेच घाबरतो आणि त्याचं घाबरणं योग्य असतं. हिशोब कळावा म्हणून गोल आकडे धरू. जोडाची किंमत 1,400 रुपये. कारागिराला 750, डबा आणि बांधणी 40, कुरियर 90, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं शुल्क 28. विकलेला जोड गिऱ्हाइकाकडेच राहिला तर हाती 492 रुपये उरतात. तोच परत आला तर गेलेलं कुरियर, बांधणी आणि शुल्क बुडतं, कारण पैसे परत केले तरी ते शुल्क सहसा परत मिळत नाही. त्यावर आणायचं कुरियर 130. शिवाय परत आलेल्या दर काही जोडांतला एखादा पुन्हा नवा म्हणून विकण्याजोगा नसतो; त्याचं नुकसान सगळ्या परतींवर वाटलं तर प्रत्येकी 100 धरू. एका परतीची किंमत झाली 388 रुपये.

महिन्याला जाहिरातीवर 15,000 खर्च होतात आणि कडक धोरणात 100 ऑर्डरी येतात, त्यातल्या 4 परत येतात, असं समजू. सगळं वजा जाता 30,680 रुपये राहतात. धोरण सैल केलं, तेवढ्याच जाहिरातीत ऑर्डरी 120 झाल्या आणि परती 4 वरून 14 वर गेल्या, तर राहतात 31,720. म्हणजे वीस ऑर्डरी वाढून हजार रुपयांचाच फरक. ऑर्डरी 110 वरच थांबल्या आणि 13 परत आल्या, तर 27,680 उरतात, म्हणजे आधीपेक्षा तीन हजारांचा तोटा. ‘परत घेऊ’ असं लिहिलं की धंदा आपोआप वाढतो, असं मानणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. खरेदी किती वाढली हे मोजल्याशिवाय औदार्य परवडतंय की नाही हे कळूच शकत नाही, आणि ते मोजायला निदान दोन-तीन महिन्यांची वही लागते.

पण याच हिशोबात वाट सापडते. चपलेच्या परतीचं मुख्य कारण माप असतं. ज्या बाईला सात नंबर लहान झाला तिला चपला नको झालेल्या नसतात, तिला आठ नंबर हवा असतो. तिला पैसे परत दिले तर विक्री गेली आणि वर 388 गेले. नंबर बदलून दिला तर आणण्याचं कुरियर, पुन्हा पाठवण्याचं कुरियर, नवी बांधणी आणि झीज मिळून 360 जातात, पण विक्री राहते आणि 132 रुपये हाती येतात. एका जोडामागे 520 रुपयांचा फरक. त्या 14 परतींपैकी 9 जणींनी पैशांऐवजी नंबर बदलून घेतला, तर महिन्याची शिल्लक 31,720 वरून 36,400 वर जाते. धोरणाचा नफा इथे आहे.

म्हणून परतीच्या पानावर पहिला प्रश्न ‘पैसे कुठल्या खात्यात हवेत?’ असा नसावा. भाचीच्या पानावर तो ‘काय झालं?’ असा आहे. खाली सात पर्याय आहेत: लांबीला कमी, लांबीला जास्त, अंगठ्याला घट्ट, पट्टा सैल, रंग वेगळा वाटला, काम आवडलं नाही, दुसरं काही. पहिल्या चारांपैकी काही निवडलं की लगेच दुसरा नंबर सुचवला जातो, आणि जुना जोड न्यायला येणारा माणूस नवा सोबत घेऊनच येतो. पैसे परत हवे असतील तर तेही बटण तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आहे. ते लपवलं तर सगळा शब्द खोटा ठरतो. बदलीचा मार्ग सोपा करायचा, पैशांचा मार्ग अवघड करायचा नाही. या दोन्हींतला फरक गिऱ्हाइकाला लगेच कळतो.

परतीचं कुरियर गिऱ्हाइकाकडून घ्यावं का? 130 रुपये वाचतात, मोह होतो. अमांडा बोवर आणि जेम्स मॅक्सहॅम यांनी अमेरिकेतल्या दोन ऑनलाइन विक्रेत्यांचे ग्राहक बराच काळ पाहिले आणि 2012 मध्ये ते ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये मांडलं. ज्यांना परतीचा खर्च स्वतः सोसावा लागला, त्यांची त्या दुकानातली पुढची खरेदी दोन वर्षांत 75 ते 100 टक्क्यांनी घटली. ज्यांची परत फुकट झाली, त्यांची खरेदी आधीपेक्षा वाढली. चूक गिऱ्हाइकाचीच असली, माप त्यानेच चुकीचं निवडलं असलं, तरी पैसे कापले गेल्याची सल राहते. मला वाटतं, ज्या दुकानाकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं त्याने हे 130 सोसावेत. जे एकदाच घेतलं जातं, मोठ्या आकाराचं असतं किंवा ज्याचं कुरियर नफ्याहून महाग आहे, अशा मालावर हा हट्ट धरू नये; तिथे पहिली बदली फुकट आणि बाकी खर्च गिऱ्हाइकाचा, असं मोकळेपणाने लिहावं. भाचीने मधला मार्ग काढला आहे. पहिली बदली किंवा परत फुकट, त्याच ऑर्डरीवर दुसऱ्यांदा बदल हवा असेल तर कुरियरचे पैसे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी अमेरिकी अभ्यासांत सापडणार नाही. कॅश ऑन डिलिव्हरी. पार्सल दारात येतं, घरात कुणी नसतं किंवा मन बदललेलं असतं, माणूस ‘नको’ म्हणतो आणि पार्सल परत फिरतं. धंद्यातले लोक याला आरटीओ म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ही परती नाहीच, कारण माल कुणी घेतलेलाच नाही, पण दोन्हीकडचं कुरियर मात्र विक्रेत्याच्या खिशातून जातं. आता विचार करा, लोक पैसे आधी का भरत नाहीत? अनोळखी दुकानाकडे पैसे अडकतील ही भीती असते. ‘पूर्ण पैसे परत’ या शब्दावर विश्वास बसला की त्यातले काही लोक आधी पैसे भरायला तयार होतात, आणि आधी पैसे भरलेलं पार्सल दारातून क्वचितच परत जातं. परतीच्या धोरणाची ही कमाई परतीच्या वहीत दिसत नाही. ती आरटीओच्या खर्चात दिसते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे.

हा विश्वास बसतो तो पैसे परत येण्याच्या वेगावर. माल गोदामात पोचेल, तपासला जाईल, मग हिशोब होईल, मग पैसे खात्यात दिसायला पाच-सात कामाचे दिवस, असं करत तीन आठवडे जातात आणि तोवर गिऱ्हाईक चार ठिकाणी बोलून मोकळं होतं. भाची कुरियरवाल्याने जोड उचलल्याची नोंद दिसली की त्याच दिवशी पैसे सोडते. रोख देऊन घेतलेल्या मालाचे पैसे परत करताना ती फक्त यूपीआय आयडी मागते, आणि सोबत एक ओळ आवर्जून लिहिते: ‘पैसे मिळायला पिन लागत नाही. कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर तो आमचा माणूस नाही.’ परतीच्या नावाखाली फसवणारे पुष्कळ आहेत, म्हणून ही ओळ हवीच.

फसवणूक उलट बाजूनेही होते. लग्नात मिरवून परत पाठवलेला जोड, नव्याच्या डब्यात आलेला जुना जोड, हे दोन्ही तिने पाहिलंय. लग्नात घातलेला जोड ओळखणं कठीण नसतं. तळ उलटा केला की टाचेखालच्या कडेला बारीक खडीचे ओरखडे असतात आणि शिवणीत धूळ बसलेली असते. फरशीवर चाललेल्या जोडाचा तळ फक्त गुळगुळीत चमकतो. म्हणून तिची अट एकच आणि छोटी आहे: घरातच घालून बघा. आणि ती पाळली गेली का हे दिसावं म्हणून दोन्ही जोडांच्या कानाला लाल सुताने कापडी खूण बांधलेली असते. ती बाहेरच्या बाजूला लोंबते. घरात चालताना तिचा त्रास नाही, पण ती तशीच ठेवून कुणी लग्नाला जाणार नाही, आणि कापली की परत जोडता येत नाही. पार्सल बांधतानाचं चित्रीकरणही ती ठेवते. याहून जास्त अटी घालायच्या नाहीत, असं तिने ठरवलं आहे. दोघा-तिघा लबाडांसाठी लिहिलेल्या दहा अटी बाकीच्या प्रामाणिक गिऱ्हाइकांनाही वाचाव्या लागतात, आणि ‘कधीही परत करा’ या ओळीचा जाहिरात म्हणून असलेला जोर तिथेच संपतो.

मर्यादा मात्र हवी, आणि ती किती हवी हे पादत्राणांच्याच एका जुन्या दुकानाने दाखवलं आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन लिओनवुड बीन याने 1912 मध्ये रबरी तळ आणि चामडी वरचा भाग असलेले शिकारीचे बूट टपालाने विकायला काढले, पसंत न पडल्यास पैसे परत, या बोलीवर. पहिल्या 100 जोडांपैकी 90 परत आले, कारण चामडं रबरापासून उसवत होतं. त्याने सगळ्यांचे पैसे दिले, उसनवारी करून बूट सुधारला आणि पुन्हा विकला. त्या शब्दावर एल. एल. बीन ही कंपनी उभी राहिली. पुढे शंभरेक वर्षं ती कधीही, काहीही परत घेत राहिली. मग लोक जुन्या बाजारात घेतलेल्या वस्तू आणून पैसे मागू लागले, झिजलेल्या वस्तूंच्या जागी नव्या नेऊ लागले. 2018 मध्ये कंपनीने मुदत एका वर्षावर आणली.

बीनला त्या 90 जोडांनी शिवण कुठे उसवते ते सांगितलं होतं. भाचीच्या वहीतही तेच काम होतं. एका नक्षीच्या जोडापुढे ‘अंगठ्याला घट्ट’ हा पर्याय वारंवार दिसू लागला, बाकी नक्ष्यांपुढे नाही. ती परत आलेले तीन जोड पिशवीत घालून कोल्हापूरला गेली. कारागीर काकांनी एक जोड हातात घेतला, अंगठ्याच्या गोलात स्वतःचं बोट घातलं, आणि लगेच म्हणाले, ‘वेणी जाड घेतलीय पोरानं. दोन पदरांची चालली असती.’ तीन पदरांची वेणी आतली जागा खात होती. नंबर बरोबरच होता.

त्या नक्षीचा पुढचा माल दोन पदरांच्या वेणीने आला. वेबसाइटवर आता प्रत्येक नंबरापुढे तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते आणि पाय मोजायची रीतही: संध्याकाळी, भिंतीला टाच टेकवून, कागदावर उभं राहून, सगळ्यात लांब बोटासमोर रेघ मारायची. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजलेला असतो. परत आलेले ते तीन जोड तिने नवे म्हणून विकले नाहीत. खोलीतल्या खालच्या फळीवर तिने एक रांग केली आहे, ‘बारीक अंगठ्यासाठी’ अशी चिठ्ठी लावून, कमी किमतीत. त्या रांगेवर परतीचा तीस दिवसांचा शब्द नाही, आणि ते चिठ्ठीवर किमतीच्या शेजारीच लिहिलेलं आहे.